साधं भाडं घेऊन सीट-सामान-खाणं वर घ्यावं, की सगळं धरून असलेलं महाग भाडं?

प्रश्न: पुणे–दिल्ली जाऊन-येऊन चौघांचं तिकीट काढायचंय. आम्ही दोघं, मुलगी 14 वर्षांची आणि मुलगा 9 वर्षांचा. एकाच विमानाला तीन भाडी दिसतायत, माणशी आणि एका बाजूचं: फक्त हातातल्या बॅगेचं ₹5,000, 15 किलो सामानासकट ₹5,400, आणि सीट, खाणं, 20 किलो सामान, तारीख बदलायची सवलत असं सगळं धरून ₹6,650. मधल्या भाड्यावर मधली सीट 200, खिडकीची किंवा कडेची 350, खाणं 400, जादा 5 किलो 2,250. तारीख बदलली तर माणशी 3,000, वरच्या भाड्यावर 500. सगळ्यात स्वस्त भाड्यावर 15 किलोची बॅग नंतर घेतली तर 1,200. जाताना चेक-इनच्या तीन बॅगा, मिळून 48 किलो. एकत्र बसायचंय. कोणतं घेऊ?

उत्तर:

मधलं घ्या, ₹5,400 चं. परतीच्या तारखेची खात्री नसेल तरच परतीपुरता वेगळा विचार करा, तो खाली लिहिला आहे.

वरच्या भाड्याच्या चौकटीत चार हिरव्या टिकल्या दिसतात: सीट, खाणं, सामान, बदल. बघणारा चारही गोष्टींच्या किमती मनात जोडतो. सीट 350, खाणं 400, पाच किलोचे 2,250, बदलाचे वाचणारे 2,500, म्हणजे साडेपाच हजारांचा माल साडेबाराशेत! बेरीज चुकलेली नाही, पण ती चारही गोष्टी नक्की वापरणाऱ्या माणसासाठी आहे. तुमच्या घरात असा माणूस आहे का, आणि असेल तर कितीजण, एवढंच बघायचं असतं. म्हणून हिशेब नेहमी उलट्या बाजूने करायचा. आधी दोन भाड्यांमधला फरक काढायचा, मग साध्या तिकिटावर आपण स्वतःहून खिशातून पैसे काढून काय घेतलं असतं ते लिहायचं. न घेतलेल्या गोष्टीची किंमत शून्य धरायची, मग कंपनीच्या यादीत ती कितीला का असेना.

तुमचा फरक माणशी एका बाजूला 1,250. हा आकडा फसवा आहे, कारण पडद्यावर तो एकदाच दिसतो आणि लागतो आठ वेळा: चार माणसं, दोन बाजू. म्हणजे ₹10,000. सीटचे, खाण्याचे, सामानाचे दरही याच पद्धतीने माणशी आणि प्रत्येक उड्डाणाला असतात. त्यामुळे सगळा हिशेब सुरुवातीपासून चौघांचा आणि दोन्ही बाजूंचा मांडा, नाहीतर एका बाजूला एका माणसाचा आकडा आणि दुसऱ्या बाजूला सगळ्या घराचा अशी गल्लत होते. सुविधा शुल्क तिन्ही भाड्यांवर सारखंच पडतं, ते दोन्हीकडून वजा करून टाका. मात्र एक भाडं कंपनीच्या साइटवर आणि दुसरं एखाद्या पोर्टलवर बघत असाल तर ते शुल्क धरायलाच हवं. तेही बहुतेक ठिकाणी माणशी आणि दर उड्डाणाला लावतात, चौघांना मिळून एकदा नाही.

सीट. देशांतर्गत मार्गांवर चालणारी एअरबस 320 किंवा बोइंग 737 घ्या, दोन्हींत रांगेच्या प्रत्येक बाजूला तीन-तीन सीटा. चौघांनी एकत्र बसायचं म्हणजे एका बाजूच्या तिन्ही आणि पॅसेजच्या पलीकडची कडेची एक. खिडकी 350, मधली 200, कड 350, पलीकडची कड 350. झाले 1,250. चौघांच्या सीटा मिळून तेवढेच पैसे, जेवढे वरच्या भाड्यात एकट्या माणसाला जास्त द्यावे लागतात. दोन्ही बाजूंचे 2,500.

हेही सगळे द्यावेच लागतील असं नाही. एप्रिल 2024 मध्ये डीजीसीएने, म्हणजे देशातल्या विमानवाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, विमान कंपन्यांना सांगितलं की 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर असलेल्या आई-वडील किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्यायची आणि तशी नोंद ठेवायची. तुमचा 9 वर्षांचा मुलगा त्यात बसतो, 14 वर्षांची मुलगी बसत नाही. म्हणजे एकही सीट न घेता गेलात तर मुलगा तुमच्यापैकी एकाजवळ बसेल, दुसरा पालक आणि मुलगी कुठेही विखुरतील. दोन तास-सव्वादोन तासांच्या प्रवासात चौदा वर्षांच्या मुलीला ते चालतं की नाही हे घरात विचारा. मला विचाराल तर बहुतेक वेळा तिला ते आवडतंच.

मात्र इथे एक चूक हमखास होते. पैसे वाचवायला म्हणून लोक फक्त मुलासाठी खिडकी विकत घेतात आणि स्वतःला फुकटची सीट लागेल ती लागू दे म्हणतात. पण एकदा सीट निवडून पैसे भरले की ती तुमची निवड झाली. शेजारची जागा दुसऱ्या कोणी पैसे भरून घेतली तर त्याला उठवता येत नाही, आणि मग मुलाची विकत घेतलेली खिडकी सोडून मागे कुठेतरी एकत्र बसावं लागतं. म्हणून मुलाची आणि एका पालकाची सीट एकतर दोन्ही घ्या किंवा दोन्ही सोडा.

वेब चेक-इन उघडलं की पडद्यावर फक्त पैशांच्या सीटा रंगीत दिसतात आणि पुढे जायचं बटण जणू काही सीट निवडल्याशिवाय चालणारच नाही असं वाटतं. सीट न निवडता पुढे जायचा पर्याय खाली बारीक अक्षरात असतो. सीट निवडणं ही डीजीसीएच्या नियमाप्रमाणे ग्राहकाने मागितली तरच लावायची सेवा आहे, सक्तीची नाही. न निवडणाऱ्यालाही सीट मिळते, फक्त कोणती ते कंपनी ठरवते, आणि ती बहुधा मागच्या रांगांतली मधली असते.

विकत घ्यायचीच असेल तर सीटच्या किमतीवर जाऊ नका, रांगेवर जा. पंखाजवळच्या आपत्कालीन दरवाजाच्या रांगांत पाय पसरता येतात, पण तिथे मुलांना बसवत नाहीत, त्यामुळे तुमच्या उपयोगाच्या नाहीत. त्या रांगेच्या लगेच पुढच्या रांगेची पाठ बहुधा मागे जात नाही, कारण दरवाजाकडचा रस्ता मोकळा ठेवायचा असतो. अगदी शेवटच्या रांगेचंही तसंच, आणि शिवाय शेजारी स्वच्छतागृह. या सीटांवर दर मात्र कधीकधी बाकीच्यांसारखाच लागतो. वरच्या भाड्यातली ‘फुकट सीट’ही बहुतेक ठिकाणी ठरावीक रांगांमधलीच असते. पुढच्या रांगा आणि जास्त पाय पसरायच्या जागा तिथेही वेगळ्या पैशांनी. ही मर्यादा भाड्याच्या चौकटीत नसते, सीटच्या नकाशावर गेल्यावर कळते.

(कोल्हापूर, जळगाव अशा ठिकाणी जाणारं लहान एटीआर विमान असेल तर सीटवर पैसे घालवायचं कारणच नाही. रांगेत दोन-दोन सीटा, म्हणजे प्रत्येक जागा एकतर खिडकीची नाहीतर कडेची.)

खाणं. याचा हिशेब सर्वांत सोपा, आणि लोक सर्वांत जास्त फुगवून धरतात तोही हाच. पहाटेच्या विमानात दोघं जण झोपतात. संध्याकाळच्या परतीला तिघांना भूक असेल. जाताना दोन आणि येताना तीन धरले तर पाच गुणिले 400, म्हणजे 2,000. आठ पूर्ण धरले तरी 3,200. वरच्या भाड्यात जे ‘खाणं’ लिहिलेलं असतं ते अनेकदा ताट नसतं, एक सँडविच किंवा पोहे-उपमा आणि एक पेय असतं. यादी उघडून बघा. देशांतर्गत विमानात घरचा डबा नेता येतो, पोळी-भाजी, पराठे, ठेपले सुरक्षातपासणीतून जातात. तेल सुटणारं लोणचं हातातल्या बॅगेत घालू नका, तिथे अडवू शकतात. खाणं आधी मागवायचं असेल तर विमान सुटायच्या काही तास आधीपर्यंतच मागवता येतं, ही मुदत प्रत्येक कंपनीची वेगळी. ती चुकली तर विमानात उरलेलं काय असेल ते, आणि बहुधा जरा महाग.

आतापर्यंत जोडलं तर सीटांचे 2,500 आणि खाण्याचे 2,000, मिळून 4,500. फरक 10,000. म्हणजे वरच्या भाड्याने अजून 5,500 रुपयांचं काहीतरी दिलं पाहिजे. ते फक्त दोनच गोष्टींतून येऊ शकतं: किलो आणि तारीख. सीट आणि खाणं यांच्यावर दोन भाड्यांचा निकाल जवळजवळ कधीच लागत नाही. जाहिरातीत मात्र तीच दोन पुढे असतात, कारण ती डोळ्यांना दिसतात.

किलो. वरच्या भाड्यात चौघांना मिळून 80 किलो, मधल्यात 60. तुमचं सामान 48. म्हणजे पहिले 12 किलो मधल्या भाड्यातच मोकळे आहेत, वरचे 20 किलो हवेत जाणार. कुटुंबाने एकाच पीएनआरवर प्रवास केला आणि काउंटरवर एकत्र उभं राहिलं की देशांतर्गत उड्डाणात सगळ्यांचं वजन मिळून बघण्याची पद्धत आहे. त्यामुळे एक बॅग 18 किलोची आणि दुसरी 12 ची असली तरी चालतं. एकच नग 32 किलोंच्या वर जाऊ देऊ नका, तेवढी बॅग उचलणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी स्वीकारत नाहीत.

पण वजनाइतकंच नगांचं मोजमाप असतं आणि इथे घोळ होतो. काही कंपन्यांचा देशांतर्गत नियम माणशी 15 किलो, पण एकच नग, असा आहे. एका माणसाने 8 आणि 6 किलोच्या दोन पिशव्या आणल्या तर वजन 14, तरी दुसऱ्या पिशवीचे वेगळे पैसे मागू शकतात. तुमच्या तीन बॅगा आणि चार माणसं, म्हणजे एक नग शिल्लक आहे. जाताना एक घडीची रिकामी कापडी बॅग मोठ्या बॅगेत टाकून न्या. येताना स्वेटर, शाली, सुकामेवा त्यात घाला. चार नग, 60 किलोंच्या आत, एक पैसाही जादा नाही.

वजन घरी करा. हातात धरून बॅग टांगायचा छोटा डिजिटल काटा चारपाचशे रुपयांच्या आत मिळतो आणि पहिल्याच प्रवासात वसूल होतो. कारण विमानतळावर जादा किलोचा दर किलोमागे पाचशे-सातशेच्या घरात असतो. 600 धरला तर घरी न दिसलेले 3 किलो तिथे 1,800 ला पडतात. आणखी एक, कडक कवचाची मोठी सूटकेस रिकामीच चार किलोंच्या आसपास भरते. तीन बॅगांत 48 किलो म्हणता तेव्हा त्यातले बारा किलो बॅगांचेच असू शकतात. येताना दोन किलो जास्त भरले तर जोडे, चार्जर, पुस्तकं, जाड जॅकेट हातातल्या बॅगांत हलवा. चौघांच्या मिळून 28 किलो हातातल्या बॅगा चालतात, माणशी 7. जॅकेट अंगावरच घातलं तर तेही सुटतं.

हाच तक्ता एकट्या माणसासाठी मांडला की उत्तर पूर्ण फिरतं, आणि ते बघण्यासारखं आहे. समजा दिल्लीला शिकणारी एखादी मुलगी सुट्टी संपवून पुण्याहून एकटी परत चालली आहे, सामान 19 किलो. मधलं भाडं 5,400, वर जादा 5 किलोंचे 2,250, झाले 7,650. वरचं भाडं 6,650, त्यात 20 किलो आहेतच. हजार रुपये तिथेच वाचले, सीट आणि खाणं अजून मोजलेलंही नाही. ती काहीही न घेता विमानतळावर गेली आणि 4 किलोंचे 600 च्या दराने भरले तर 2,400, म्हणजे 7,800. सगळ्यांत महाग हाच रस्ता, आणि तो निवडलेला नसतो, विसरल्यामुळे घडतो. कारण सोपं आहे: जादा किलो हा या सगळ्या यादीतला सर्वांत महाग माल, आणि तो वाटून घ्यायला तिच्याबरोबर कोणी नाही. घरच्या चौघांत त्याच पाच किलोंची किंमत शून्य झाली होती.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांना हे आणखी मोठ्या प्रमाणात लागू पडतं. लांबच्या आंतरराष्ट्रीय मार्गांवर वजनापेक्षा नगांवर हिशेब चालतो, बहुधा 23 किलोंचा एक किंवा दोन नग, आणि काही कंपन्यांचं सर्वांत स्वस्त भाडं चेक-इन बॅगेशिवायच असतं. तिथे दुसरी बॅग नंतर घ्यायला जाल तर भाड्यांमधला फरक बहुतेक वेळा किरकोळ वाटू लागतो. आणि घरच्या दोघांचं वजन एकत्र करायची सवय तिथे चालत नाही. 27 किलोंची एक आणि 19 ची दुसरी अशा दोन बॅगा असतील तर 27 वाली जड ठरते, बेरीज 46 असली तरी.

सर्वांत स्वस्त भाडं, 5,000 चं. बॅग न नेणाऱ्यासाठी ते बरोबर आहे, तुमच्यासाठी नाही, पण का नाही ते बघून घ्या, पुढच्या वेळी उपयोगी पडेल. चौघांचे एका बाजूला 1,600 वाचतात. एक 15 किलोची बॅग 1,200 ला घेतली तरी 400 शिल्लक. दुसरी बॅग घेतली की 2,400 झाले, 800 चं नुकसान. म्हणजे चौघांत एकाच चेक-इन बॅगेवर भागत असेल तरच हे भाडं परवडतं. एका बॅगेचे 15 आणि हातातले 28, एकूण 43 किलो, हातातल्या पर्सा-डबे धरून. तुमच्या नुसत्या चेक-इन बॅगाच 48 आहेत. गोव्याला तीन दिवस जाणारे चौघं याच भाड्यात मजेत बसतील. फक्त बॅग आधी ऑनलाइन घ्यायला विसरून थेट काउंटरवर गेलं तर पुन्हा तिथलाच महाग दर लागतो.

तारीख. वरच्या भाड्याने खऱ्या अर्थाने विकलेली वस्तू ही आहे, बाकीचं सजावट. बदलासाठी 3,000 ऐवजी 500, म्हणजे माणशी 2,500 वाचतात. चौघांची एक बाजू बदलली तर 10,000, दोन्ही बदलल्या तर 20,000. मोठे आकडे आहेत, पण ते तेव्हाच हातात येतात जेव्हा खरंच बदल होतो. आपण वर काढलं की 5,500 रुपये एवढ्या एका सोयीसाठी मोजले जातायत. म्हणजे फक्त एकच बाजू बदलायची भीती असेल तर ती भीती निम्म्याहून जास्त खरी असली पाहिजे, शंभरात 55 वेळा. संपूर्ण सहल पुढे-मागे सरकायची शक्यता असेल तर चारातून एकापेक्षा थोडी जास्त. दिल्लीहून पुढची गाडी, हॉटेल, शाळेची सुट्टी सगळं ठरलेलं असेल तर ती शक्यता तेवढी नसते. मुलीच्या परीक्षेचं वेळापत्रक अजून लागलेलं नसेल, किंवा घरात कोणाचं ऑपरेशन टेकलं असेल, तर असते. हे ठरवायला आकडेमोड नको, पण आकडेमोडीमुळे प्रश्न नेमका होतो: ‘कधीतरी उपयोगी पडेल का’ असं न विचारता ‘चारातून एकदा तरी पडेल का’ असं विचारा.

बदलाचं शुल्क माफ म्हणजे बदल फुकट नाही. नव्या तारखेचं भाडं जास्त असेल तर तो फरक दोन्ही भाड्यांवर भरावा लागतो. सुट्टीच्या दिवसांत शुल्कापेक्षा हा फरकच मोठा निघतो. शिवाय विमान सुटायच्या किती तास आधीपर्यंत बदल करता येतो ही अट वाचा. आदल्या रात्री ताप भरला आणि सकाळचं विमान असेल तर सवलतीची मुदत कदाचित संपलेली असते.

रद्द करण्याच्या बाबतीत फरक दिसतो त्यापेक्षा थोडा कमी असतो. डीजीसीएच्या नियमाप्रमाणे रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांच्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि विमानतळाची शुल्कं व कर परत द्यावेच लागतात, तिकीट ‘परतावा नाही’ असलं तरी. म्हणजे स्वस्त तिकिटावर बुडण्यासारखी रक्कमच मर्यादित असते. पण वेगळ्या घेतलेल्या सीटा, खाणं आणि जादा सामान यांचे पैसे तिकीट तुम्ही रद्द केलंत तर सहसा परत मिळत नाहीत. म्हणून मधलं भाडं घेणाऱ्याने या गोष्टी तिकिटाच्या दिवशीच घेऊ नयेत. सीटा तारीख पक्की झाल्यावर, मुलांची सुट्टी असेल तर जरा लवकर. सामान दोन दिवस आधी, घरी काट्यावर वजन केल्यावर, पण ऑनलाइनच. खाणं एक दिवस आधी. कंपनीनेच विमान रद्द केलं तर या पैशांचा परतावा वेगळा मागा. त्यांच्या पावत्या तिकिटाच्या पावतीपासून वेगळ्या असतात, त्या जपून ठेवा.

आता परती. बहुतेक कंपन्यांच्या साइटवर जाताना एक भाडं आणि येताना दुसरं निवडता येतं, आणि लोक ते विसरतात. समजा जाण्याची तारीख पक्की आहे, येण्याची डगमगते. परतीपुरतं वरचं भाडं घ्या: चौघांचे 5,000 जास्त. त्यातून परतीच्या सीटा 1,250 आणि तीन जणांचं खाणं 1,200 वसूल झालं, उरले 2,550. परत यायची तारीख बदलली तर 10,000 वाचतात. म्हणजे बदलायची शक्यता चारातून एकापेक्षा किंचित जास्त असेल तरी पुरे. हा व्यवहार समंजस आहे.

आणि डगमग फक्त एकाची असेल, म्हणजे ऑफिसच्या कामामुळे तुम्हालाच मागे राहावं लागेल अशी भीती असेल, तर तुमचं परतीचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर वरच्या भाड्यात काढा. एका पीएनआरवर सगळ्यांना एकच भाडं घ्यावं लागतं, म्हणून वेगळं. जास्तीचे 1,250. त्यातले 350 सीटचे आणि 400 खाण्याचे तुम्ही तसेही दिले असते, म्हणजे सोयीचे फक्त 500 पडले, वाचतील ते 2,500. पाचातून एकदा उपयोग झाला की वसूल. याची किंमत दोन ठिकाणी चुकती करावी लागते. मुलाला शेजारची जागा मिळण्याचा नियम त्याच्या पीएनआरवरच्या पालकाशी बांधलेला आहे, म्हणून मुलगा आईच्या पीएनआरवर असला पाहिजे. आणि सामानाचं वजन दोन वेगळ्या पीएनआरमध्ये मिळवून धरायला काउंटरवरचा माणूस बांधील नाही. तेव्हा तिघांच्या बॅगा त्यांच्या 45 किलोंत आणि तुमची एक तुमच्या वाट्यात, अशा आधीच भरा.

पैसे भरायच्या आधी शेवटच्या पानावर तीन गोष्टी बघा. विमा, ‘लवकर चेक-इन’, देणगी यांपैकी काही टिकमार्क होऊन बसलंय का. सीट आणि सामानाच्या दरांत कर धरलेला आहे की शेवटी चढतो. आणि वाटेत विमान बदलायचं असेल तर सीट-खाण्याचे पैसे दोन्ही विमानांचे वेगळे लागलेत का, ते लागतातच. पुणे–दिल्ली थेट असेल तर हा तिसरा मुद्दा सोडून द्या.